ओल्गा टेलिस : हक्क मान्य झाला पण झोपडी गेली, मग रेशो नक्की कुठला?

मृण्मयी_कळवा
मंडळी मदत हवीये. लॉच्या तिसऱ्या वर्षाला आहे, ठाण्यात कॉलेज. सरांनी ओल्गा टेलिस विरुद्ध बॉम्बे म्युनिसिपल कॉर्पोरेशन, 10 जुलै 1985 चा निकाल, याचा दीड पानाचा सारांश वाटलाय आणि खाली तीन प्रश्न दिलेत. कोर्टाने निष्कर्षापर्यंत कसा प्रवास केला, आधीच्या कुठल्या निकालांचा आधार घेतला आणि कुठले बाजूला ठेवले, आणि निकाल वेगळा लागू शकला असता का, असल्यास नेमका कुठल्या वळणावर. सोमवारी द्यायचंय.

सारांश मी समजून घेतला तो असा. 13 जुलै 1981 ला तेव्हाचे मुख्यमंत्री अंतुले यांनी जाहीर केलं की मुंबईच्या फुटपाथवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी पाठवायचं. 23 जुलैला, म्हणजे ऐन पावसात, एका याचिकाकर्त्याची झोपडी पाडली. लोक कोर्टात गेले. सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात उपजीविकेचा हक्क येतो. इथपर्यंत वाचून मला वाटलं जिंकले. आणि पुढच्या परिच्छेदात लिहिलंय की फुटपाथवरच्या झोपड्या काढायचा आयुक्तांचा निर्णय योग्यच होता, फक्त 31 ऑक्टोबर 1985 पर्यंत थांबा.

माझा गोंधळ इथेच आहे. जे हरले त्यांचा हक्क मान्य केलाय. मग उपजीविका हा रेशो, म्हणजे निकालाचं बंधनकारक तत्त्व, की ऑबिटर, म्हणजे जाता जाता केलेलं विधान? सरांनी वॅमबॉची कसोटी शिकवलीये, विधान उलटं करून बघा, निकाल बदलला तर रेशो नाहीतर ऑबिटर. मी उलटं केलं, "उपजीविका कलम 21 मध्ये येत नाही" असं धरलं, तरी झोपडी जातेच. म्हणजे देशभर ज्याच्यासाठी हा निकाल सांगतात तेच ऑबिटर निघतंय. काहीतरी चुकतंय नक्की.

---

कोपरखैरणे_99
एवढं अवघड नाहीये गं, मी गेल्या वर्षी हेच लिहिलं होतं आणि बरे मार्क पडले. उपजीविकेचा हक्क हाच रेशो, सगळी पुस्तकं तेच म्हणतात. आधार मेनका गांधी 1978, प्रक्रिया न्याय्य आणि वाजवी हवी. आणि त्यातून निघालं की पर्यायी जागा दिल्याशिवाय फुटपाथवरून कोणाला हलवता येत नाही. तिसऱ्या प्रश्नाला लिही की मेनका झाली नसती तर निकाल उलटा लागला असता. संपलं.

---

पायरी
99, मेनका बरोबर आहे. पण पर्यायी जागेचं वाक्य काढून टाक, निकालात नेमकं त्याच्या उलट आहे. 1976 च्या गणनेत ज्यांची नोंद झाली होती त्या फुटपाथवासीयांना मालवणीला किंवा तशाच सोयीच्या ठिकाणी जागा द्यावी असं कोर्ट म्हणतं खरं, पण त्याच वाक्यात म्हणतं की ही हटवण्याआधीची अट नाही. म्हणजे जागा द्या, पण जागा मिळेपर्यंत थांबायची सक्ती नाही. परीक्षक जुना असेल तर हीच ओळ शोधतो.

मृण्मयी, तुझा गोंधळ चुकीचा नाहीये, उलट हा निकाल वाचताना तो झाला नाही तर वाचलाच नाही म्हणायचं. उद्या कोर्टातून आलो की सविस्तर लिहितो. तोवर एक काम कर. सारांश ठेव बाजूला आणि मूळ निकालाची पहिली पानं वाच, तिथे दोन माणसं भेटतील. एक सेलमचा भूमिहीन शेतमजूर, दुष्काळात काम गेलं म्हणून 1961 ला मुंबईत आलेला, दहिसरच्या केमिकल कंपनीत रोज 23 रुपयांवर. वेस्टर्न एक्सप्रेस हायवेच्या फुटपाथवर प्लास्टिक आणि कॅनव्हासच्या आडोशाचे झोपडपट्टीदादाने त्याच्याकडून 2,500 रुपये उकळले होते. दुसरा आपल्या संगमनेरचा, चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवणारा, गावचं घर पडलं म्हणून 1969 ला आला आणि महिना 350 वर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवरच्या जागेसाठी गुंडाला 300 दिले, बांबू आणि प्लास्टिकला 700 लागले.

हे आकडे कोर्टाने सजावटीला दिलेले नाहीत. सगळा तर्क यांच्यावर उभा आहे.

---

गजरेवाली_सून
नमस्कार, मी वकील नाही विद्यार्थी पण नाही, पण फुटपाथवरून हटवायचा विषय दिसला म्हणून लिहिते. माझ्या सासूबाई 19 वर्षं स्टेशनबाहेर गजरे विकतात, जागेचं नाव लिहीत नाही. मागच्या महिन्यात गाडी आली, टोपली, स्टूल, फुलांची पोती सगळं उचललं, ना कागद ना काही. सोडवायला गेलो दुसऱ्या दिवशी तर फुलं काळी पडलेली. तुम्ही म्हणताय सुप्रीम कोर्टाने नोटीस लागते सांगितलंय, मग आम्ही हा निकाल घेऊन गेलो तर जागा परत मिळेल का? निकालाची प्रत कुठे मिळते?

---

मृण्मयी_कळवा
ताई वाईट वाटलं वाचून. मला उत्तर माहीत नाही, पायरीदादा सांगतील.

दादा, वाचली पहिली पानं. पण ही माणसं आणि तर्क यांचा संबंध अजून नीट लागला नाही.

---

पायरी
आलो. आधी ताईंचं, कारण त्यांचं थांबण्यासारखं नाही.

ताई, हा निकाल राहण्याच्या झोपड्यांचा आहे, तुमच्या सासूबाई विक्रेत्या आहेत. तुमच्यासाठी वेगळा कायदा आहे, 2014 चा पथविक्रेता कायदा. त्यात सर्वेक्षण होऊन विक्री प्रमाणपत्रं दिली जाईपर्यंत विक्रेत्यांना हटवायचं नाही असं आहे, आणि हटवायचं किंवा दुसरीकडे न्यायचं तर 30 दिवसांची नोटीस. माल उचलला तर उचललेल्या वस्तूंची यादी द्यावी लागते, आणि नाशवंत माल मागणी केल्यावर त्याच दिवशी सोडायचा असतो. फुलं नाशवंतच. तेव्हा यादी दिली का नाही, मागायला कधी गेलात, हे तारीख-वेळेसह लेखी मांडा, आणि सासूबाईंचं नाव सर्वेक्षणात आहे का ते आधी बघा. सगळं त्या नावावर अडतं. गल्लीतल्या फुकट सल्ल्यावर थांबू नका, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.

आता मृण्मयी. कोर्टाचा प्रवास असा बघ. सरकारी बाजूचा पहिला अडथळा हा होता की हायकोर्टात याचिकाकर्त्यांच्या वकिलांनी कबूल केलं होतं की फुटपाथवर झोपडी बांधायचा मूलभूत हक्क आम्ही मागत नाही आणि 15 ऑक्टोबर 1981 नंतर पाडकामाला अडथळा करणार नाही. मग आता कुठल्या तोंडाने आलात? यावर कोर्ट म्हणालं संविधानाविरुद्ध एस्टॉपल चालत नाही, आणि बशेशर नाथ 1959 चा आधार घेतला. माणसाने मूलभूत हक्क सोडून दिला म्हणून राज्याला तो मोडायची मोकळीक मिळत नाही. हा टप्पा बहुतेक पोरं गाळतात. पण हा नसता तर याचिका दारातच संपली असती.

त्यानंतर ती दोन माणसं. कोर्ट विचारतं हा माणूस फुटपाथवर का राहतो? कारण काम जवळ आहे. फुटपाथ गेला की काम जातं, काम गेलं की जगणं जातं. म्हणून कोर्ट म्हणतं की उपजीविका जगण्याच्या हक्कात धरली नाही तर कोणाला जगण्यातून उठवायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे त्याची रोजीरोटी काढून घेणं. आणि या वाचनाला कलम 39(अ) आणि 41 चा टेकू दिला, जी थेट अंमलात आणता येत नाहीत पण अर्थ लावताना वापरता येतात. 23 रुपये रोज आणि 2,500 रुपयांचा आडोसा ही साखळीतली कडी आहे. इतके पैसे मोजून माणूस फुटपाथवर राहतो तो हौसेने नाही.

मग तिसरं, हक्क आहे पण अबाधित नाही, न्याय्य प्रक्रियेने काढून घेता येतो. इथे मेनका येते. आणि मग प्रश्न उरतो की महापालिका कायद्याचं कलम 314, ज्यात आयुक्त "नोटीस न देता" अतिक्रमण काढू शकतात असे शब्द आहेत, ती प्रक्रिया न्याय्य आहे का. कोर्टाने कलम पाडलं नाही. म्हणालं की यात आयुक्तांना नोटीस देऊन किंवा न देता असा पर्याय दिलाय, नोटीस देऊच नका असा हुकूम नाही, आणि तो पर्याय विवेकाने वापरायचा. म्हणजे सर्वसाधारणपणे नोटीस द्यायची, नोटीस टाळणं हा अपवाद.

आता वॅमबॉ. तू निकालाचं शेवटचं टोक धरून उलटं करतेस, झोपडी गेली की राहिली. पण कोर्टासमोर एकच प्रश्न नव्हता. कलम 314 घटनाबाह्य आहे का हाही होता. उपजीविका 21 मध्ये नाही असं धर, मग 314 ला न्याय्य प्रक्रियेच्या कसोटीवर घासायचं कारणच उरत नाही, आणि "नोटीस हा नियम" हे वाचनही उरत नाही. त्या प्रश्नापुरता उपजीविकेचा भाग अत्यावश्यक आहे. म्हणून मी तरी त्याला रेशोच म्हणतो.

---

कोपरखैरणे_99
पर्यायी जागेचं चुकलं, मान्य. पण दादा एक अडतंय. 314 ची परीक्षा कलम 14 आणि 19 वरही करता आली असती ना, मनमानी आहे म्हणून? मग उपजीविका काढली तरी नोटीसचं वाचन तेच निघालं असतं. म्हणजे वॅमबॉप्रमाणे परत ऑबिटर.

---

पायरी
हा मुद्दा चांगला आहे रे. दोन स्वतंत्र खांब असले की वॅमबॉ कुठल्याच खांबाला रेशो म्हणू देत नाही, एक काढला तर दुसऱ्यावर छप्पर राहतं. ही त्या कसोटीची जुनीच अडचण आहे. व्यवहारात एवढं बघ की पुढच्या बेंचनी काय मानलं. 1990 ला दिल्ली ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशनच्या केसमध्ये नोकरीतून काढण्याच्या नियमाला उपजीविकेच्या हक्काची कसोटी लावली, 1993 ला डी. के. यादवमध्ये पुन्हा तेच. हायकोर्टाला तर सुप्रीम कोर्टाचा ऑबिटरही सहसा डावलता येत नाही. पण पुढच्यांनी रेशो मानला म्हणून 1985 ला तो रेशो होता असं सिद्ध होत नाही हे कबूल करतो. मृण्मयीने दोन्ही बाजू लिहाव्यात.

---

मृण्मयी_कळवा
मला आता हळूहळू दिसतंय. दुसऱ्या प्रश्नात "बाजूला ठेवलेले निकाल" यासाठी सरांच्या सारांशात फक्त इन रे संत राम 1960 एवढंच नाव आहे. त्यात तर सुप्रीम कोर्टानेच म्हटलं होतं ना की लाइफ मध्ये लाइव्हलीहूड येत नाही. मग तो उलथवला असं लिहू का?

---

पायरी
उलथवला लिहू नकोस. बाजूला सारला लिही. संत राम हा कोर्टातल्या दलालांच्या यादीत नाव लागलेला माणूस, त्याची तक्रार ही की माझी रोजीरोटी गेली. ती केस मेनकाच्या आधीची, कलम 21 तेव्हा अगदी अरुंद वाचलं जायचं, आणि समोरचा माणूस ज्या धंद्याला रोजीरोटी म्हणत होता तोच कोर्टाच्या नियमांनी मना केलेला. फुटपाथवरचा बदली कामगार मना केलेलं काम करत नाही, तो गिरणीत जातो, त्याची जागा फक्त बेकायदा आहे. हा फरक तुझ्या शब्दांत मांडलास की उत्तर पाठांतराचं वाटणार नाही. आधीचा निकाल उलथवणं वेगळं आणि तथ्यांवरून वेगळा पाडणं वेगळं.

---

घणसोली_निवृत्त
मी 31 वर्षं एका महापालिकेत अतिक्रमण विभागात कारकून होतो. कुठली ते महत्त्वाचं नाही. इथे सगळे झोपडीच्या बाजूने लिहितायत म्हणून दुसरी बाजू सांगतो, कारण तीही या निकालातच आहे. कोर्टाने स्पष्ट म्हटलंय की फुटपाथ चालणाऱ्यांसाठी आहे, सार्वजनिक जागा परवानगीशिवाय खासगी कामाला वापरायचा हक्क कोणालाच नाही. मी स्वतः पाहिलंय, फुटपाथ भरला की म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं रस्त्यावर उतरतात आणि मागून टेम्पो येतो. हा पण जगण्याचाच हक्क आहे.

आणि नोटीस द्या म्हणणं सोपं आहे. कोणाला द्यायची? झोपडीला नंबर नाही, दार नाही, चिकटवायची कुठे? आम्ही बांबूला सुतळीने बांधायचो आणि पंचनामा करायचो, संध्याकाळपर्यंत कागद चुलीत गेलेला असायचा. ज्याला सांगायला काहीच नाही, जागा आपली नाही हे ज्याला स्वतःला कबूल आहे, त्याचं ऐकून घेऊन काय होणार?

---

मृण्मयी_कळवा
काका, टेम्पोचा मुद्दा उत्तरात घेणार, कारण कोर्टाने झोपड्या का काढू दिल्या त्याचं कारण तेच दिसतंय. पण शेवटचा प्रश्न म्हणजे महापालिकेचाच युक्तिवाद होता ना? आणि कोर्टाने तो नाकारला असं मला वाचल्यासारखं वाटतंय.

---

पायरी
बरोबर वाचलंस. "उत्तर असूच शकत नाही म्हणून नोटीस नको" हे कोर्टाने एस. एल. कपूर विरुद्ध जगमोहन 1980 चा आधार घेऊन फेटाळलं. कपूरचा निकाल न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डींनी लिहिलेला आणि ओल्गा टेलिसच्या बेंचवरही ते होतेच. ऐकून घेण्याचं मोल निकाल बदलण्यात नाही फक्त, माणसाला माणूस म्हणून विचारण्यातही आहे, असा तो विचार.

आणि आता सगळ्यात नाजूक जागा, तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. एवढं सांगून झाल्यावर कोर्टाने काय करायला हवं होतं? आयुक्तांनी ऐकलं नाही, तर प्रकरण आयुक्तांकडे परत पाठवा, नोटीस द्या, ऐका, मग ठरवा. कोर्ट स्वतःच म्हणतं की एरवी आम्ही असंच सांगितलं असतं. पण पुढे म्हणतं की आयुक्तांनी नाकारलेली संधी आम्हीच भरपूर दिली, दोन्ही बाजूंनी तथ्य आणि कायदा यावर सविस्तर युक्तिवाद केला, ते ऐकून आमचं मत झालं की आयुक्त बरोबर होते. म्हणजे कपूरने ज्या दाराने सुनावणी आत आणली त्याच दाराने ती बाहेर गेली.

मला हे कधीच पटलेलं नाही आणि हे मी मनापासून सांगतोय. दुसऱ्याच वर्षी, 1986 ला, एल. के. रत्ना प्रकरणात सुप्रीम कोर्टाने म्हटलं की मूळ ठिकाणी ऐकून घेतलं नसेल तर अपिलात ऐकल्याने ती उणीव भरून निघत नाही. ती केस चार्टर्ड अकाउंटंटच्या शिस्तभंगाची होती, संदर्भ वेगळा, बेंच वेगळं. पण दोन्ही शेजारी ठेवून बघ, चार्टर्ड अकाउंटंटला मूळ पायरीवर ऐकायलाच हवं आणि फुटपाथवरच्याला दिल्लीत वकिलामार्फत ऐकलं तरी चालेल.

---

घणसोली_निवृत्त
पायरीसाहेब, तुम्ही म्हणता ते वाचून एक आठवलं. थोडं माझ्या आधीच्या लिहिण्याच्या विरुद्ध जातंय, तरी लिहितो.

एकदा हायवेच्या कडेला पाडकाम चालू होतं, एक बाई सारखी पुढे येत होती आणि आमचा मुकादम तिला मागे सारत होता. शेवटी तिने ब्लाउजमधून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात पिवळा पडलेला फोटोपास. 1976 च्या गणनेचा. नवऱ्याचा फोटो अर्धा उडालेला, नंबर वाचता येत होता. तिची झोपडी तोवर पडली होती. पासवाल्यांसाठी वेगळा नियम होता, तिला पर्यायी जागा लागू होत होती. आधी विचारलं असतं तर दोन मिनिटांत कळलं असतं. साहेबांनी पास बघितला, खिशात ठेवला, तिला ऑफिसला या सांगितलं. पुढे तिचं काय झालं मला माहीत नाही.

म्हणजे मी वर जे विचारलं, ऐकून काय होणार, त्याचं एक उत्तर ते होतं. पण ते सगळ्यांचं नव्हतं. दहात एकाकडे पास असायचा.

---

मृण्मयी_कळवा
काका हे वाचून मी थोडा वेळ काही लिहूच शकले नाही.

आणि मला वाटतं माझं तिसरं उत्तर इथेच आहे. बघा बरोबर आहे का. सुप्रीम कोर्टाने जे ऐकलं ते कायद्याचं होतं, फुटपाथवर राहता येतं का वगैरे. त्याचं उत्तर सगळ्यांसाठी एकच. पण 1976 चा पास कोणाकडे आहे, कोणाचं काम किती लांब आहे, हे प्रत्येकाचं वेगळं. ते दिल्लीत कोणी विचारलं नाही आणि विचारूही शकलं नसतं. आणि कोर्टाने स्वतःच शेवटी 1976 च्या नोंदीवर फायदा ठरवलाय, झोपडपट्टीत ओळखपत्र असलेल्यांना पर्यायी जागा, 20 वर्षांहून जुन्या आणि सुधारणा झालेल्या वस्त्या सार्वजनिक कामाशिवाय काढायच्या नाहीत. म्हणजे ज्या तथ्यावर फायदा अवलंबून आहे तेच तथ्य तपासायची सुनावणी वगळली. तेव्हा वेगळा निकाल असा की हक्क तोच, 314 चं वाचन तेच, फुटपाथ चालणाऱ्यांचा हेही तेच, फक्त आयुक्तांकडे परत पाठवायचं आणि पास तपासल्याशिवाय हातोडा नाही.

---

कोपरखैरणे_99
हे भारी झालं. मी मेनका नसती तर असं लिहिलं होतं, त्यात इतिहासच बदलावा लागतो. यात फक्त एक वळण बदलतं.

पण समजा परत पाठवलं असतं, आयुक्तांनी सगळ्यांना ऐकलं असतं आणि मग तेच ठरवलं असतं, तर?

---

पायरी
तर बिनपासवाल्यांची झोपडी गेलीच असती. मृण्मयीने हे लिहावंच, लपवू नये. पर्यायी निकाल म्हणजे सगळे जिंकतात असं नाही. दहातला तो एक वाचतो आणि उरलेल्या नऊंना निदान आधी कळतं.

खरा मोठा फरक पडला असता तो "अट नाही" हे शब्द नसते तर. पुनर्वसन ही आधीची अट केली असती तर सरकारला आधी जागा शोधाव्या लागल्या असत्या, आणि बहुधा पाडकामं वर्षानुवर्षं थांबली असती. कोर्ट तिथपर्यंत गेलं नाही, कदाचित फुटपाथ मोकळा करायचा आपलाच निष्कर्ष त्याने निष्फळ झाला असता म्हणून. पुढे दिल्ली हायकोर्टाने 2010 ला सुदामा सिंगमध्ये आधी सर्वेक्षण आणि पुनर्वसन यावर जास्त जोर दिला, ते वाचण्यासारखं आहे.

आणि आपल्याकडे ठाणे-नवी मुंबईत राहणाऱ्यांसाठी एक. मुंबईचं 314 आपल्याला लागू नाही, पण महाराष्ट्र महानगरपालिका कायद्याच्या 231 मध्येही "नोटीस न देता" हेच शब्द आहेत, म्हणून ओल्गा टेलिसचं वाचन इथेही उपयोगी पडतं. मात्र 13 नोव्हेंबर 2024 चा बुलडोझरचा निकाल यावर चिकटवू नका. त्यात 15 दिवसांची नोटीस सांगितलीये पण रस्ता, फुटपाथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी-नाले यांवरची अनधिकृत बांधकामं त्यातून वगळलीयेत. म्हणजे फुटपाथवाल्याला आजही 1985 चाच आधार शोधावा लागतो.

---

घणसोली_निवृत्त
परत पाठवण्याबद्दल मात्र मी अजून पटून घेतलेलं नाही. हजारो झोपड्या, प्रत्येकाची सुनावणी कोण घेणार? आमच्या विभागात तेव्हा चार कारकून आणि एक टाइपरायटर. कोर्टाने ते ओळखलं असणार. अन्याय झाला असेल, पण कोर्टाला अंमलात येईल असा हुकूम द्यावा लागतो.

---

मृण्मयी_कळवा
काका, तुमचं हेच वाक्य मी विरुद्ध बाजू म्हणून घेते, कारकुनांच्या संख्येसकट. सरांना ते आवडेल की नाही माहीत नाही पण मला तिसऱ्या उत्तरात ते हवंय. पहिल्या उत्तरात एस्टॉपलपासून सुरुवात करते आणि रेशोच्या प्रश्नावर 99 चे दोन खांब लिहून प्रश्न उघडाच ठेवते.

---

गजरेवाली_सून
पायरीदादा, आज विचारून आले. सर्वेक्षणात सासूबाईंचं नाव आहे, फक्त आडनावात एक अक्षर चुकलंय, शिंदे चं शिदे झालंय. चालेल का तेवढं? आणि यादी त्यांनी दिली नव्हती हे लिहिताना तारीख 9 लिहू की 10, कारण उचललं 9 ला रात्री आणि आम्ही मागायला गेलो 10 ला सकाळी.

---

पायरी
दोन्ही तारखा लिहा ताई, वेळेसकट. उचललं कधी आणि मागितलं कधी हे दोन वेगळे मुद्दे आहेत. आडनावाच्या दुरुस्तीचा अर्ज आधी द्या आणि त्याची पोच घ्या, शिक्का आणि आवक क्रमांक असलेली. पोचेशिवाय काउंटर सोडू नका.